सरांसोबतचा जुना फोटो आहे, खाली काय लिहू?

निळी_शाई

मंडळी, जरा मदत हवी आहे. आमचे विज्ञानाचे सर ३१ मेला निवृत्त होताहेत. (कागदोपत्री १ जूनचे. आमच्याकडे निम्मं गाव १ जूनलाच जन्माला आलंय, त्यात सरही.) बॅचच्या ग्रुपवर ठरलंय की ज्याने त्याने सरांसोबतचा एक फोटो टाकायचा आणि खाली चार ओळी लिहायच्या. फेसबुकवरही टाकणार आहोत, इन्स्टावरही.

माझ्याकडे एकच फोटो आहे, फेब्रुवारी २००२चा, दहावीच्या निरोपसमारंभाचा. खटाव तालुक्यातली शाळा, पायऱ्यांवर चार रांगा. सर खुर्च्यांच्या रांगेत डावीकडून चौथे, मांडीवर सत्काराचा नारळ. मी सगळ्यात मागे, निम्मा चेहरा मैत्रिणीच्या वेणीआड.

काल रात्री बसून हे लिहिलं:

"अज्ञानाच्या अंधारात ज्ञानाचा दीप लावणारे, मातीच्या गोळ्याला आकार देणारे आमचे आदरणीय सर. आज मी जी काही आहे ती केवळ तुमच्यामुळे. कोटी कोटी प्रणाम."

सकाळी वाचलं तर माझं मलाच कसंतरी झालं. सर हे वाचून चष्म्यावरून बघतील नुसते. काय करू?

रील_राजा

ताई, छोटं लिहा. इन्स्टावर १२५ अक्षरांची मर्यादा आहे, पुढचं दिसतच नाही. "बेस्ट सर एव्हर" आणि दोन हार्ट. झालं काम.

पान_पाचवं

राजे, मर्यादा २,२०० अक्षरांची आहे. सव्वाशेच्या आसपास मजकुराची घडी पडते आणि पुढचं वाचायला बोट लावावं लागतं. त्यातही काना, मात्रा, वेलांटी वेगवेगळी मोजली जाते. "शिक्षिका" आपल्याला तीन अक्षरं वाटतात, मोजणीत आठ भरतात. म्हणजे मराठीत घडीच्या वर जेमतेम दोन वाक्यं बसतात. तुमच्या म्हणण्यात तथ्य एवढंच, की पहिली दोन वाक्यं "आदरणीय, वंदनीय" यात घालवायची नाहीत.

निळी शाई, मी चोवीस वर्षं एका दैनिकात उपसंपादक होतो, अर्धं आयुष्य फोटोओळी लिहिण्यात गेलं. तुमच्या मजकुरावर बोटाने "सर" झाका आणि तिथे आमच्या वेळच्या पीटीच्या मास्तरांना बसवा. एक शब्दही बदलावा लागत नाही. मग तो मजकूर तुमच्या सरांचा कसा?

दीप, माती, आकार हे सगळं बाजूला ठेवा आणि मला एवढंच सांगा: सर भेटण्याआधी तुम्ही एखादी गोष्ट एका पद्धतीने करत होता आणि नंतर दुसऱ्या पद्धतीने करायला लागलात, अशी कोणती? स्वभावातली नको. आत्मविश्वास वाढला, शिस्त लागली, असलंही नको. हाताने केलेली सांगा.

वसंत_आजोबा

सेवापूर्तीनिमित्त अभिनंदन. मानपत्राचा मजकूर देत आहे, नाव घालून वापरावा.

"मानपत्र. सन्माननीय गुरुवर्य, आपण आपल्या प्रदीर्घ सेवाकालात ज्ञानदानाचे पवित्र कार्य अखंडपणे करून..."

पुढचा भाग मोठा आहे. हवा असल्यास पाठवतो. चौकट सोनेरी घ्यावी.

निळी_शाई

आजोबा, धन्यवाद. पण मला मानपत्र नकोय, फोटोखालच्या ओळी हव्यात. मानपत्र शाळा देणारच आहे.

@पान_पाचवं, तुमच्या प्रश्नावर दिवसभर विचार करत होते. एक गोष्ट आठवली, पण ती माझ्यासाठी फारशी शोभेची नाही.

दहावीत बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर काढायचा प्रयोग होता. लांबच्या वस्तूची प्रतिमा कागदावर धरायची आणि भिंगापासून कागदापर्यंतचं अंतर पट्टीने मोजायचं. आम्ही पाण्याची टाकी धरत होतो. माझी पहिली दोन रीडिंगं १०.१ आणि ९.९ आली. तिसरं आलं ११.५. भिंगाच्या डबीवर १० सेमी लिहिलेलं होतंच. मग मी वर्गात सगळे करायचे तेच केलं. मैत्रिणीकडून अर्धं ब्लेड घेतलं, वहीवरचं ११.५ हलक्या हाताने खरवडलं आणि तिथे १०.० लिहिलं. नखाने घोटून घेतलं की शाई फुटत नाही, ही कला तेव्हा सगळ्यांना अवगत होती.

सरांनी वही तपासताना ते पान सुटं धरून खिडकीशी नेलं. खरवडलेल्या जागेतून उजेड आला. सर म्हणाले, "इथं काय होतं गं?"

मला वाटलं आता छडी. खालमानेनं सांगितलं, ११.५. सर म्हणाले, "मग ते कुठं गेलं? चल, परत काढ." प्रयोगाच्या तासाला आम्ही ज्या टेबलावर होतो तिथेच मला उभं केलं आणि तिसरं रीडिंग परत घ्यायला लावलं. परत साडेअकराच आलं. तेव्हा सरांनी कागदाकडे नीट बघायला सांगितलं. कागदावर टाकी नव्हतीच, खिडकीचे गज होते, उलटे. तिसऱ्या वेळी मी भिंग मागेपुढे करताना टाकी सुटली होती आणि पाऊण मीटरवरच्या गजांची प्रतिमा स्पष्ट झाल्यावर मी तीच मोजली होती. जवळच्या वस्तूची प्रतिमा नाभीच्या पलीकडे पडते, त्यामुळे साडेअकरा हे उत्तर अगदी बरोबर होतं. फक्त ते टाकीचं नव्हतं, गजांचं होतं.

सरांनी त्याच पानावर खाली मला ११.५ पुन्हा लिहायला लावलं, त्यावर एकच आडवी रेघ मारायला लावली, खालचा आकडा वाचता येईल अशी, आणि शेजारी लिहायला लावलं: "गजांची प्रतिमा धरली." त्यानंतर मी वहीत ब्लेड लावलं नाही.

आता मी बोईसरला एका औषध कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये आहे.

सदू_सांगलीकर

धागा पळवतोय, माफ करा. पण हे वाचून राहवलं नाही.

मी लहानपणी अडखळत बोलायचो. मराठीच्या तासाला ओळीने धडा वाचायचा असायचा, एकेकाला एक परिच्छेद. माझी पाळी येईपर्यंत पुढे किती पोरं उरलीत, आपल्या वाट्याला कुठला परिच्छेद येणार, त्यात "प"ने सुरू होणारे शब्द किती, एवढंच मोजत बसायचो. घामाने पुस्तक ओलं. आणि पाळी आली की पहिल्याच शब्दाला गाडी बंद.

सातवीला नव्या बाई आल्या. त्या वाचन कधी माझ्या ओळीपासून सुरू करायच्या, कधी मधूनच, पण पहिला नेहमी मी. पुस्तक उघडलं की लगेच "हां सदाशिव". वाट बघायला वेळच मिळायचा नाही. अडखळायचो, पण पहिल्या शब्दाला बंद पडणं गेलं. बाईंनी मला याबद्दल कधी एक अक्षर बोलून दाखवलं नाही. त्या हे मुद्दाम करायच्या, हे मला तिशीत कळलं.

माझ्याकडे बाईंचा फोटो नाही आणि अडखळण्याचं चारचौघांत लिहायचं नाही. मी काय लिहू?

पान_पाचवं

सदूभाऊ, तुमचं तर तयारच आहे. "बाई, तुम्ही वाचन नेहमी माझ्यापासून सुरू करायचात. ते का, हे मला फार उशिरा कळलं." बस. अडखळण्याचा उल्लेखही नको. बाईंना कळेल, तुम्हाला माहीत आहे, बाकीच्यांनी वाटेल तो अर्थ काढावा. फोटो त्या वर्गखोलीचा टाका, नाहीतर तुमच्या पुस्तकाचा. नेटवरून दुसऱ्या कुणा बाईंचा फळ्यासमोरचा फोटो उचलून मात्र टाकू नका. लोक हे सर्रास करतात.

निळी शाई, तुमच्या त्या शेवटच्या ओळीवर थांबलोय मी. क्यूसी लॅबमध्ये नेमकं काय करता?

निळी_शाई

औषधाच्या गोळ्यांचे नमुने येतात, ते तपासून आकडे नोंदवायचे. आणि गंमत तीच आहे. आमच्याकडे नोंदवहीत आकडा चुकला तर खोडायचं नाही, गिरवायचं नाही, व्हाइटनर तर लॅबच्या दारातसुद्धा आणायचं नाही. चुकलेल्या आकड्यावर एक रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख आणि कारण. तपासणीला बाहेरून माणसं येतात तेव्हा ती आधी पानंच उजेडात धरून बघतात. आणि एखाद्या नमुन्याचा निकाल ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला, तर तो "चुकून आला" म्हणून टाकून नव्याने तपासणी करून चालत नाही. तो का आला, याचा आधी छडा लावायचा. आमचे गजच शोधायचे असतात दर वेळी.

रुजू झाले त्या आठवड्यात हे सगळं शिकवलं होतं. बाकीच्यांना सवय लागायला दोनतीन महिने लागले, घाईत आकड्यावरच आकडा गिरवला जातो. माझा हात आपोआप रेघ मारायचा.

खडूस

गोष्ट छान आहे. पण दोन शंका.

एक, चोवीस वर्षांनी ११.५ हा आकडा आठवतो? आणि दोन, ही सवय सरांमुळे लागली कशावरून? कंपनीने नियम केला, पगार त्याचाच मिळतो. कंपनीत नसता आणि शिवणकाम करत असता तर सर आठवले असते का? लोक निवृत्तीला सगळं श्रेय मास्तरांच्या पदरात टाकतात आणि मग ते खोटं वाटतं.

निळी_शाई

आकडा आठवतो कारण तो मी वहीत तीन वेळा लिहिला आणि एकदा खरवडला. :) पहिली दोन नक्की १०.१ आणि ९.९च होती का, हे मात्र छातीठोक सांगत नाही.

दुसऱ्या शंकेवर विचार केला. मधली एक गोष्ट आहे. बी.एस्सी.ला अज्ञात क्षार ओळखायची प्रॅक्टिकल असायची. आधीच्या बॅचकडून कोणत्या बाटलीत काय आहे ते कळायचं आणि सगळे त्या उत्तरावरून उलट्या टेस्ट लिहून काढायचे. परीक्षेत माझं एक मूलक चुकलं. बरोबर काय ते मला कानावर आलेलं होतं. तरी मला जो अवक्षेप दिसला तोच लिहिला. मार्क गेले. तेव्हा काही मला औषध कंपनी ठाऊक नव्हती.

पण तुम्ही म्हणता तसं, नोकरी नसती तर ही सवय कुठे दिसली असती, सांगता येत नाही.

खडूस

अवक्षेपाचं मान्य. तो कॅप्शनमध्ये नको, पण मान्य.

मधली_सुट्टी

मी स्वतः माध्यमिकला गणित शिकवते, एकोणीस वर्षं झाली. दर ५ सप्टेंबरला फोनवर पन्नासेक मेसेज येतात. त्यातले पंचेचाळीस वाचायच्या आधीच कळतात. वाईट वाटत नाही, मुलं आठवण ठेवतात हेच खूप. पण मला त्यातून माझ्याबद्दल काहीच कळत नाही. एकदा एका मुलाने लिहिलं होतं, "मॅडम, तुम्ही उत्तर चूक आलं तरी आधी कच्चं काम बघायचा, म्हणून मी अजून कच्चं काम पुसत नाही." त्या दिवसापर्यंत मी तसं करते हे मला माहीतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन मुद्दाम केलं.

एक सांगू का, सरांना हा प्रसंग आठवणार नाही कदाचित. त्यांनी शंभर वह्या खिडकीशी धरल्या असतील. म्हणून "सर, तुम्हाला आठवतं का?" असं विचारू नका. उत्तर "नाही" आलं तर दोघंही अवघडतील. तुम्हीच सांगून टाका.

आणि ब्लेड देणाऱ्या मैत्रिणीचं नाव लिहू नका. फोटोत पन्नासेक जण आहेत, त्यांच्यातल्या कुणाला आज काय चालेल, सांगता येत नाही. जमलं तर ग्रुपवर आधी विचारा.

निळी_शाई

@मधली_सुट्टी, हे डोक्यात आलंच नव्हतं. "आठवतं का" हेच माझं पहिलं वाक्य होतं. काढलं.

दुसरा खर्डा:

"सर, दहावीत भिंगाच्या प्रयोगात तिसरं रीडिंग जुळेना, म्हणून मी ब्लेडने ११.५ खरवडून १०.० केलं. तुम्ही ते पान खिडकीशी धरलंत. उजेड आला. तुम्ही रागावला नाहीत, फक्त विचारलंत, 'इथं काय होतं गं?' मग ते रीडिंग परत काढायला लावलंत आणि मला दिसलं की मी टाकी सोडून खिडकीचे गज मोजले होते. आकडा खोटा नव्हता, माझं बघणं चुकलं होतं. आज मी औषधं तपासते. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारते, खालचा आकडा दिसेल अशी. ती रेघ माझी नाही, तुमची आहे. या देशात सुरक्षित औषधं पोचतात त्यात तुमचाही वाटा आहे."

पान_पाचवं

आता यात पीटीचे मास्तर बसत नाहीत. छान.

कात्री लावतो, रागावू नका. शेवटचं वाक्य पहिलं काढा. देशापर्यंत जायची गरज नाही, तुम्ही वहीत आहात तेच बरं. त्याआधीचं "ती रेघ माझी नाही, तुमची आहे" हेही काढा. ते टाळीसाठी आहे. वाचणाऱ्याला रेघेवरून सर आपोआप दिसतात, तुम्ही बोट दाखवलंत की मजा जाते. "रागावला नाहीत" ठेवा, कारण तेव्हा तुम्हाला छडीचीच अपेक्षा होती.

"आकडा खोटा नव्हता, माझं बघणं चुकलं होतं" हे ठेवावं का, याबद्दल माझं मत पक्कं होत नाहीये. बरोबर आहे, पण जरा सुविचारासारखं वाटतं. शाळेच्या भिंतीवर रंगवता येईल असं.

सदू_सांगलीकर

मला तर तेच वाक्य आवडलं सगळ्यात. ठेवा.

रील_राजा

ताई, एक विचारू? तुम्ही लॅबमध्ये आहात आणि जाहीर लिहिताय की मी रीडिंग बदललं. तुमचे साहेब बघतील, उद्या ऑडिटवाले बघतील. चालेल का?

वसंत_आजोबा

मुलाचा मुद्दा योग्य आहे. शिक्षकांच्या गौरवात स्वतःचे दोष सांगण्याचे प्रयोजन नाही.

पान_पाचवं

आजोबा, दोष काढला तर सरांनी केलं काय, तेच उरत नाही. ब्लेड नसेल तर पान खिडकीशी धरायचं कारणच काय?

खडूस

पण राजाचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नाही. मी असतो तर फेसबुकवर सगळं लिहिलं असतं आणि इन्स्टावर, जिथे ऑफिसची मंडळी आहेत, तिथे ब्लेडचा भाग गाळला असता.

निळी_शाई

यावर मी नवऱ्याशीही बोलले. तो म्हणाला, पंधराव्या वर्षी केलेल्या गोष्टीवर साहेब काही बोलले तर तुझ्या साहेबांनाच भिंगाचा प्रयोग करायला लाव. तरी मनात थोडी धाकधूक आहे. पण गाळलं तर मग ज्ञानाचा दीपच बरा होता. दोन्हीकडे तेच टाकतेय.

शेवटचं रूप:

"सर, दहावीत भिंगाच्या प्रयोगात तिसरं रीडिंग जुळेना, म्हणून मी ब्लेडने ११.५ खरवडून १०.० केलं. तुम्ही ते पान खिडकीशी धरलंत. रागावला नाहीत, फक्त विचारलंत, 'इथं काय होतं गं?' मग परत रीडिंग काढायला लावलंत, तेव्हा दिसलं की मी टाकी सोडून खिडकीचे गज मोजले होते. आता मी औषधं तपासते. आकडा चुकला की त्यावर एकच रेघ मारते, खालचा आकडा वाचता येईल अशी, आणि शेजारी कारण लिहिते.

फोटो: फेब्रुवारी २००२. सर खुर्च्यांच्या रांगेत डावीकडून चौथे. मी सगळ्यात मागे, वेणीआड."

सुविचार काढला. सदूभाऊ, सॉरी.

पान_पाचवं

छापायला सोडा.

सदू_सांगलीकर

मीही टाकलं. शाळेच्या व्हरांड्याचा फोटो मिळाला एकाकडून. बाईंच्या मुलीने खाली लिहिलंय, "आईला वाचून दाखवलं." पुढे काही नाही. आता बाई काय म्हणाल्या, ते विचारावं की नाही, या विचारात आहे.

मधली_सुट्टी

विचारू नका. जाऊन भेटा.

निळी_शाई

अपडेट. काल संध्याकाळी टाकलं. साहेबांचा लाइक आलाय, मजकूर वाचून का न वाचता, ते माहीत नाही.

सरांचा रात्री फोन आला. @मधली_सुट्टी, तुम्ही म्हणालात तसंच झालं, प्रसंग त्यांना आठवत नव्हता. म्हणाले, "वही मी सगळ्यांचीच धरायचो खिडकीला, निम्म्या वह्यांना चाळण पडलेली असायची." मग विचारलं की टेबल खिडकीपासून किती लांब होतं. मी म्हटलं पाऊण मीटर. पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज नाही, बहुतेक कागदावर मांडत होते. मग म्हणाले, "हं, साडेअकरा बरोबर येतं."

आणि पोस्टखाली पहिली कॉमेंट वेणीवालीची आहे: "ब्लेड माझं होतं. अजून परत दिलेलं नाहीस."